काळ्या काचा: नियमातले ७० आणि ५० टक्के नेमके कशाचे?

गाडीच्या काचेला फिल्म लावणे बेकायदा आहे की कायदेशीर? २०१२ मध्ये याचे उत्तर सोपे होते, २०२१ नंतर ते तसे राहिलेले नाही. त्यात दुकानदार सांगतो ती टक्केवारी आणि कायदा मागतो ती टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा गोंधळ समजून घेतला तर हजारो रुपयांची फिल्म आणि नंतरचे चलान, दोन्ही वाचू शकतात.

उन्हाळा सुरू झाला की कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानांत एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘साहेब, ही ५० टक्केवाली आहे, पोलीस पकडत नाहीत.’ ग्राहकही निश्चिंत होतो, कारण बाजूच्या काचांसाठी ५० टक्क्यांची मुभा आहे हे त्याने कुठेतरी वाचलेले असते. आकडा बरोबर आहे, पण तो फिल्मचा नाही. फिल्मसह संपूर्ण काचेतून किती प्रकाश पार व्हायला हवा, याचा तो आकडा आहे. ‘५० टक्केवाली’ फिल्म लावलेली गाडी जवळपास नेहमीच नियमाच्या खाली जाते, आणि ती कशी, हे साध्या गुणाकारातून कळते.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० हा काचांसाठीचा नियम आहे. त्यानुसार वाहनाच्या पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के दृश्य प्रकाश पार गेला पाहिजे. बाजूच्या काचांसाठी ही मर्यादा किमान ५० टक्के आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून या मोजमापाला ‘व्हीएलटी’ म्हणतात. काचेवर १०० भाग प्रकाश पडला आणि त्यातले ७० भाग पलीकडे पोहोचले, तर व्हीएलटी ७० टक्के. आकडा जितका कमी, तितकी काच काळी.

इथेच पहिली गल्लत होते. काही दुकानांत ‘३० टक्के काळी’ असे म्हणतात, तेव्हा त्यांना ७० टक्के प्रकाश जाऊ देणारी फिल्म म्हणायची असते. दुसरीकडे ‘३० नंबर’ म्हणजे फक्त ३० टक्के प्रकाश जाऊ देणारी, म्हणजे चांगलीच काळी फिल्म. आकडा तोच, पण अर्थ अगदी उलट. त्यामुळे टक्केवारी ऐकली की पहिला प्रश्न एकच विचारायचा: एवढा प्रकाश आत येतो, की एवढा अडतो?

नियमात आणखी एक शब्द महत्त्वाचा आहे. काच कारखान्यातून बाहेर पडताना एवढी पारदर्शक असावी, इतक्यावर नियम थांबत नाही. ती तशा स्थितीत ‘राखली’ गेली पाहिजे, असेही तो म्हणतो. पुढे दोन न्यायालयांनी या नियमाचा अर्थ लावला आणि निष्कर्ष वेगवेगळे निघाले.

२०१२: ‘कोणत्याही टक्केवारीची फिल्म नको’

२७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोएंका विरुद्ध भारत सरकार या जनहित याचिकेवर निकाल दिला. काळ्या फिल्म लावलेल्या गाड्यांचा गुन्ह्यांसाठी वापर होतो, आत काय चालले आहे ते बाहेरच्याला दिसत नाही, हा याचिकेचा गाभा होता. तत्कालीन सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने ४ मे २०१२ पासून देशभरातील सर्व वाहनांच्या काचांवर काळी फिल्म किंवा अन्य कोणतेही आवरण लावण्यास मनाई केली.

न्यायालयाने फक्त ‘फार काळ्या’ फिल्मवर बंदी घातली नव्हती. फिल्म कितीही टक्क्यांची असो, ती काचेवर चिकटवायचीच नाही, असा तो आदेश होता. त्यामागचा तर्क असा की ७० आणि ५० टक्के ही काच बनवणाऱ्यासाठीची अट आहे. कंपनीने हवी तर काचच तेवढ्या छटेची बनवावी. वाहनमालकाने वरून काही चिकटवून पारदर्शकता ५० टक्क्यांपर्यंत खाली आणावी, अशी परवानगी नियम देत नाही. काच मूळ स्थितीत राखणे म्हणजे तिच्यावर काहीही न लावणे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायालयाने आदेश आणखी स्पष्ट केला. नुसते चलान फाडून गाडी सोडायची नाही, फिल्म जागेवर काढायची. अपवादाचा विचार फक्त ‘झेड’ आणि ‘झेड प्लस’ सुरक्षा असलेल्या व्यक्तींसाठी होऊ शकतो, आणि तोही गृह सचिव व पोलीस प्रमुखांच्या समितीमार्फत. म्हणजे पद, बोर्ड किंवा ओळख यांच्या जोरावर मिळणारी सवलत कायद्यात नव्हती आणि आजही नाही.

या निकालाची निकड किती होती, हे त्याच वर्षाच्या अखेरीस दिसले. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत सामूहिक बलात्काराची घटना ज्या बसमध्ये घडली, तिच्या काचा काळ्या होत्या आणि खिडक्यांना पडदे होते. बस शहरातल्या रस्त्यांवरून धावत राहिली आणि आतले बाहेर कुणाला दिसले नाही. काळ्या काचांची चर्चा फक्त ऊन आणि ऐटीपुरती ठेवता येत नाही, ती यामुळे.

२०२१: नियमात आलेला एक नवा शब्द

केंद्र सरकारने नियम १०० मध्ये बदल केला आणि तो १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला. आधी नियमात फक्त ‘सेफ्टी ग्लास’ असे होते. आता ‘सेफ्टी ग्लास किंवा सेफ्टी ग्लेझिंग’ असे आहे. ७० आणि ५० टक्क्यांच्या मर्यादा तशाच राहिल्या, मात्र काचेने पाळायचे भारतीय मानक बदलले. आता ‘आयएस २५५३ भाग २’ या मानकाची २०१९ ची सुधारित आवृत्ती लागू आहे.

या मानकात काचेचे जे प्रकार दिले आहेत, त्यांत आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेली काचही आहे. टफन्ड किंवा लॅमिनेटेड काच आणि तिच्या आतल्या पृष्ठभागावर प्लास्टिकचा थर, हे सगळे मिळून एक सेफ्टी ग्लेझिंग. आता प्रश्न असा, की हा थर कारखान्यातच बसवलेला असायला हवा, की नंतर दुकानातून चिकटवलेली फिल्मही चालेल?

हा प्रश्न केरळ उच्च न्यायालयात गेला. फिल्म विकणारे व्यावसायिक, फिल्म बनवणारी कंपनी आणि दंड झालेला वाहनमालक यांनी तिथे दाद मागितली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये न्या. एन. नगरेश यांनी निकाल दिला, की सुधारित नियमात आणि मानकात बसणारी, ठरलेली पारदर्शकता राखणारी फिल्म लावता येते आणि अशा फिल्मसाठी दंड करता येणार नाही. २०१२ चा निकाल जुन्या नियमावर आधारलेला होता आणि आता नियमच बदलला आहे, असे न्यायालयाने म्हटले.

ग्लेझिंगचा अधिकार फक्त वाहन उत्पादकाला आहे, मालकाला नाही, असाही युक्तिवाद तिथे झाला. तो फेटाळताना न्यायालयाने ‘राखली जाईल’ याच शब्दाकडे बोट दाखवले. काच योग्य स्थितीत राखण्याचे काम मालकाचे असते, तेव्हा नियम मालकालाही लागू आहे. म्हणजे ‘काच राखा’ याचा अर्थ २०१२ मध्ये ‘हात लावू नका’ असा झाला आणि २०२४ मध्ये ‘मर्यादेत ठेवा’ असा.

मग महाराष्ट्रात काय?

केरळ उच्च न्यायालयाचा निकाल महाराष्ट्रातल्या पोलिसांवर थेट बंधनकारक नाही. इथला वाहनमालक न्यायालयात गेला तर तो निकाल आधार म्हणून दाखवू शकतो, त्याला वजनही असेल. पण नाक्यावर गाडी अडवणाऱ्या वाहतूक पोलिसाच्या हातात सर्वोच्च न्यायालयाचा ‘कोणतीही फिल्म नको’ हा आदेश असतो. तो आदेश जुन्या नियमावरचा होता, हा वाद रस्त्याच्या कडेला उभे राहून मिटणारा नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ नुसार पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुन्हा सापडल्यास १,५०० रुपये दंड होतो. शिवाय फिल्म काढावी लागते. दंडापेक्षा हे जास्त महागात पडते, कारण ओढून काढलेली फिल्म परत लावता येत नाही. मागच्या काचेवर डीफॉगरच्या बारीक तारा असतात. तिथली फिल्म घाईने खरवडली तर त्या तारा तुटून काचच निकामी होण्याची भीती असते.

गुणाकार केला की चित्र स्पष्ट होते

कायदेशीर वाद बाजूला ठेवू आणि केरळचा निकालच सगळीकडे लागू आहे असे धरू. तरीही दुकानातली बहुतेक फिल्म नियमात बसत नाही. का, ते पाहू.

समजा, नागपूरच्या एका कारमालकाला उन्हाने हैराण केले आहे आणि तो फिल्म लावायला गेला. त्याच्या गाडीच्या काचा मुळातच पूर्ण पांढऱ्या नाहीत. आजच्या बहुतेक गाड्यांना हलक्या हिरव्या छटेची काच येते. त्याच्या बाजूच्या काचेतून ७५ टक्के प्रकाश पार होतो असे धरू. दुकानदाराने ५० टक्क्यांची फिल्म पुढे केली.

काचेवर पडलेल्या १०० भागांपैकी ७५ भाग काचेतून पार होतात. फिल्म त्या ७५ पैकी निम्मे जाऊ देते. उरतात साडेसदतीस. म्हणजे काच आणि फिल्म मिळून व्हीएलटी ३७.५ टक्के. मर्यादा ५० ची, त्यामुळे गाडी नियमाबाहेर. फिल्मच्या पाकिटावर ५० छापलेले आहे, दुकानदार खोटे बोललेला नाही, तरीही चलान योग्यच ठरेल.

तोच मालक ७० टक्क्यांची फिल्म घेईल तर? ७५ चे ७० टक्के म्हणजे ५२.५. बाजूच्या काचेला हे चालते, पण जेमतेम. फिल्मचा प्रत्यक्ष आकडा छापलेल्यापेक्षा चार-पाच अंकांनी कमी निघाला, तर तीही नापास.

आता हीच ७० टक्क्यांची फिल्म त्याने मागच्या काचेवरही लावली. तिथे मूळ काच ७५ टक्क्यांची असेल, तर एकूण पुन्हा ५२.५ येते. पण मागच्या काचेची मर्यादा ५० नाही, ७० आहे. म्हणजे बाजूला पास झालेली फिल्म मागे नापास. पुढच्या काचेचेही तसेच. ती ७८ टक्क्यांची असेल, तर ७० ची मर्यादा गाठण्यासाठी फिल्मला किमान ९० टक्के प्रकाश जाऊ द्यावा लागेल. अशी फिल्म डोळ्यांना जवळपास दिसतच नाही.

‘चारही बाजूंना एकच फिल्म’ हे दुकानातले पॅकेज त्यामुळे नियमात बसणे कठीण असते. पुढे आणि मागे नियम सोडतो ती जागा इतकी थोडी आहे, की काळी दिसणारी कोणतीही फिल्म तिथे बसू शकत नाही.

दिवसा ठीक वाटते, रात्री कळते

फिल्म बहुतेक वेळा दिवसा लावली जाते. मालक आत बसून बाहेर बघतो आणि सगळे व्यवस्थित दिसते. यात त्याची फसवणूक होते ती स्वतःच्या डोळ्यांकडून. भर उन्हात प्रकाश इतका जास्त असतो, की त्यातला पाऊण हिस्सा अडला तरी डोळे जुळवून घेतात. रात्री अनलिट रस्त्यावर मुळातच प्रकाश तुटपुंजा असतो आणि तिथे जुळवून घ्यायला काही शिल्लक नसते.

३५ टक्क्यांची फिल्म ७५ टक्क्यांच्या काचेवर लावली, तर एकूण २६ टक्के उरतात. म्हणजे साइड मिररमध्ये दिसणारे दृश्य आधी या काचेतून जाते आणि त्यातला जवळपास तीन चतुर्थांश प्रकाश अडतो. समोरून हेडलाइट असतो, बाजूला नसतो. मागून दिवा न लावता येणारी दुचाकी, गल्लीतून निघणारा पादचारी, गाडी मागे घेताना बोनेटपेक्षा बुटके असलेले मूल, हे सगळे याच काचांतून दिसायचे असते. वय वाढले की मंद प्रकाशातली दृष्टी आणखी कमी होते, त्यामुळे पंचविशीतल्या मुलाला चालणारी काच त्याच्या साठीतल्या वडिलांना चालेलच असे नाही.

पुढच्या काचेत आणखी एक बारकावा आहे. व्हीएलटी मोजताना प्रकाश काचेवर सरळ पडतो. गाडीतली पुढची काच मात्र बरीच तिरकी असते, आणि तिरक्या काचेवरून प्रकाश जास्त परावर्तित होतो. त्यामुळे चालकाच्या डोळ्यांपर्यंत मीटरवरच्या आकड्यापेक्षा थोडा कमीच प्रकाश पोहोचतो. ७० टक्क्यांची अट कडक वाटते, पण तिच्यात फारशी ढिलाई मुळातच नाही.

बाहेरच्याला आतले का दिसत नाही?

बाहेर उभ्या माणसाला आतली व्यक्ती दिसायची, तर प्रकाशाला दोनदा प्रवास करावा लागतो. एकदा काचेतून आत जायचे आणि आतल्या माणसावर आदळून पुन्हा काचेतून बाहेर यायचे. म्हणून इथे टक्केवारीचा गुणाकार स्वतःशीच होतो.

७० टक्क्यांची काच असेल, तर ढोबळमानाने ४९ टक्के प्रकाश परत येतो. ५० टक्क्यांची असेल, तर २५ टक्के. आणि वरच्या उदाहरणातल्या २६ टक्क्यांच्या काचेतून? जेमतेम सात टक्के. त्यात काचेवर बाहेरच्या आभाळाचे प्रतिबिंब पडलेले असते आणि ते या सात टक्क्यांना सहज झाकून टाकते. आतून ‘थोडीशीच काळी’ वाटणारी गाडी बाहेरून आरशासारखी दिसते, ती यामुळे.

ब्रिटनमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. तिथे आधुनिक गाड्यांच्या पुढच्या काचेला किमान ७५ टक्के आणि पुढच्या दोन दारांच्या काचांना किमान ७० टक्क्यांची अट आहे, मागच्या दारांच्या आणि मागच्या काचेवर मात्र मर्यादा नाही. चालकाला दिसणे महत्त्वाचे, मागे बसलेल्यांचा खासगीपणा त्यांचा त्यांनी ठरवावा, असा तो हिशेब. भारताने वेगळा मार्ग घेतला. मागच्या सीटवर काय चालले आहे ते बाहेरून दिसणे हाही आपल्या न्यायालयाने सार्वजनिक सुरक्षेचा भाग मानला. आपल्याकडचा अनुभव पाहता हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. पण चालकाच्या शेजारच्या काचेला आपल्याकडे ५० टक्के पुरतात आणि ब्रिटनमध्ये ७० लागतात, ही विसंगती विचार करायला लावणारी आहे.

उन्हाचे काय?

फिल्म लावणाऱ्या प्रत्येकाला काही लपवायचे नसते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा उभ्या केलेल्या गाडीत बसणे शिक्षा असते. ही अडचण खरी आहे. पण काळा रंग हा तिच्यावरचा योग्य उपाय नाही.

सूर्याकडून जमिनीवर येणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण निम्मी ऊर्जा इन्फ्रारेड म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांमध्ये असते. रंगवलेली स्वस्त काळी फिल्म मुख्यतः दिसणारा प्रकाश शोषते. इन्फ्रारेडचा मोठा भाग तिच्यातून तसाच आत येतो. शिवाय शोषलेल्या प्रकाशाने काच तापते आणि त्यातली काही उष्णता आत सोडते. गाडीत अंधार होतो, त्या मानाने गारवा येत नाही.

सिरॅमिक किंवा इन्फ्रारेड अडवणाऱ्या फिल्मचे तत्त्व वेगळे आहे. ती दिसणारा प्रकाश बराचसा जाऊ देते आणि इन्फ्रारेड अडवते. म्हणून जवळपास पारदर्शक दिसणारी फिल्मही काळ्या फिल्मपेक्षा जास्त उष्णता रोखू शकते. फिल्म घेताना व्हीएलटीसोबत एकूण सौर ऊर्जा किती टक्के अडते हा आकडा पाहावा. दुकानदार अनेकदा फक्त इन्फ्रारेडचा आकडा सांगतो. ‘९० टक्के इन्फ्रारेड अडते’ म्हणजे ९० टक्के उष्णता अडते असे नाही, कारण इन्फ्रारेड हा एकूण ऊर्जेचा अर्धाच भाग आहे.

अतिनील किरणांची भीती दाखवूनही फिल्म विकली जाते. पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर असतो आणि तो थर बहुतांश अतिनील किरण आधीच अडवतो. तिथे त्यासाठी वेगळा खर्च करण्याची गरज नाही. आणि गाडी उभी असताना पुढच्या काचेला आतून लावायची चंदेरी सनशेड हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. निघताना ती काढून ठेवली की झाले.

आपली काच नियमात आहे का, कसे ओळखायचे?

आधी फिल्म आहे की नाही ते पाहावे. जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर नक्कीच. बाजूची काच थोडी खाली करून वरची कड निरखली, की फिल्मची रेषा काचेच्या कडेच्या किंचित आत थांबलेली दिसते. कोपऱ्यात नख लावले तर कड हाताला लागते. बुडबुडे किंवा जांभळट पडलेला रंग म्हणजे जुनी, रंगवलेली फिल्म. कंपनीची छटेदार काच असेल, तर रंग काचेच्या जाडीतच असतो आणि कडेला रेषा नसते. काचेच्या कोपऱ्यातली आयएसआय किंवा तत्सम खूण मूळ काचेबद्दल सांगते. वर चिकटवलेल्या फिल्मला ती लागू होत नाही.

मोजमापासाठी टिंट मीटर असतो. त्याचे दोन भाग असतात, एकात दिवा आणि दुसऱ्यात सेन्सर. काचेच्या दोन्ही बाजूंना ते समोरासमोर धरतात आणि पडद्यावर थेट टक्केवारी येते. मोजण्याआधी दोन्ही भागांमध्ये काहीही न ठेवता मीटर १०० दाखवतो का, ते तपासावे लागते. काच दोन्हीकडून पुसलेली आणि कोरडी हवी. धुळीने माखलेल्या काचेवरचे रीडिंग फिल्मचे नसते, धुळीचेही असते.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर मोबाइलही चालतो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याजवळ प्रकाश मोजणारा सेन्सर असतो आणि लक्स मोजणारे मोफत अ‍ॅप त्याचा आकडा दाखवते. संध्याकाळनंतर गाडीचे दार उघडून एक टॉर्च काचेपासून ठरावीक अंतरावर स्थिर ठेवावी. काच खाली असताना आकडा घ्यावा, मग फोन आणि टॉर्च न हलवता काच वर करून पुन्हा घ्यावा. काचेविना ८०० आणि काचेतून ३०० आले, तर ३०० भागिले ८०० म्हणजे साधारण ३७ टक्के. या पद्धतीने ४८ आणि ५२ मधला फरक कळणार नाही. पण ३७ आणि ५५ मधला नक्की कळतो, आणि निर्णय घ्यायला बहुतेकांना तेवढे पुरते.

टक्केवारीचा नियम डोळ्यांनी राबवता येत नाही

या साऱ्यातून एक गोष्ट पुढे येते. कायद्यात मर्यादा टक्क्यांमध्ये लिहिली आहे, तर तिची अंमलबजावणीही टक्क्यांमध्येच व्हायला हवी. दारूच्या नशेत गाडी चालवणाऱ्यावर नुसता वास घेऊन गुन्हा सिद्ध होत नाही, तिथे ब्रेथ अ‍ॅनालायझर लागतो. वेगाला स्पीड गन आहे. काचेच्या बाबतीत मात्र आजही ‘काळी दिसते’ एवढ्यावर चलान होते आणि ‘दिसत नाही’ एवढ्यावर गाडी सुटते. यात ५२ टक्क्यांची काच असलेला सामान्य मालक दंड भरू शकतो आणि २६ टक्क्यांची काच असलेली, पुढे कुठल्यातरी पदाची पाटी लावलेली गाडी निघून जाऊ शकते. मीटरवर आकडा दिसला, की दोन्हीकडची घासाघीस संपते.

दुसरी जबाबदारी केंद्र सरकारची आहे. ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हा शब्द नियमात त्यांनीच आणला. नंतर चिकटवलेली फिल्म त्यात बसते की नाही, हे एका ओळीच्या स्पष्टीकरणाने सांगता आले असते. ते आले नाही म्हणून एकच गाडी केरळात कायदेशीर आणि सीमा ओलांडली की वादग्रस्त, अशी स्थिती झाली आहे. फिल्मला परवानगी द्यायची असेल, तर तिच्यासोबत तीन गोष्टी हव्यात. फिल्मला मानकानुसार प्रमाणपत्र, लावून झाल्यावर काच आणि फिल्म मिळून मोजलेल्या व्हीएलटीची पावती, आणि पुढे-मागे ७० च्या खाली एक टक्काही सूट नाही. परवानगी द्यायची नसेल, तर तेही स्पष्ट सांगावे.

फिल्म सरसकट खुली करा, ही मागणी मात्र मान्य करण्यासारखी नाही. ७० आणि ५० हे आकडे कुणाच्या हौसेवर घातलेला लगाम नाहीत. रात्रीच्या वेळी रस्त्यावर असलेल्या, गाडी नसलेल्या माणसाचे ते संरक्षण आहे. ज्याच्या हातात स्टीअरिंग आहे त्याच्या गारव्यासाठी रस्ता ओलांडणाऱ्याने धोका का पत्करावा, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर फिल्मच्या बाजूने अजून कुणी दिलेले नाही.

तोपर्यंत महाराष्ट्रातल्या वाहनमालकासाठी सल्ला साधा आहे. पुढच्या आणि मागच्या काचेला काही लावू नका. बाजूच्या काचांना लावण्याचा मोह होत असेल, तर इथे अजून वाद मिटलेला नाही आणि चलानाची जोखीम तुमची आहे, हे धरून चाला. तरीही लावायचीच असेल, तर दुकानदाराला फिल्मचा नंबर विचारू नका. लावून झाल्यावर तुमच्याच काचेवर मीटर ठेवून आकडा दाखवायला सांगा आणि तो बिलावर लिहून घ्या. जो दुकानदार हे करायला तयार नाही, त्याच्या ‘पोलीस पकडत नाहीत’ या हमीची किंमत किती, ते तुम्हीच ठरवा.